एकाच टीव्हीवर दोन चॅनेल: पीआयपीचं बटण, दुसरा बॉक्स आणि आवाजाची सोय

रिमोटवर पीआयपीचं, म्हणजे मोठ्या चित्राच्या कोपऱ्यात दुसरं छोटं चित्र दाखवण्याचं, किंवा मल्टी व्ह्यूचं बटण आहे, म्हणून मॅच आणि बातम्या एकत्र दिसतील, अशा हिशेबाने बरेच जण टीव्ही घेतात. मग घरी आल्यावर कळतं, की छोट्या चौकटीत एक तर काहीच येत नाही, किंवा यूट्यूबशिवाय दुसरं काही घेता येत नाही. टीव्ही बिघडलेला नसतो. त्याच्याकडे दुसरं चित्र आलेलंच नसतं.

पूर्वी केबलच्या जाड काळ्या वायरमधून सगळी चॅनेलं एकदम घरात यायची आणि त्यातलं कुठलं दाखवायचं ते टीव्हीतला ट्यूनर ठरवायचा. ज्या टीव्हीत दोन ट्यूनर असत, तो एकाच वायरमधून दोन चॅनेलं काढून एक मोठं, एक कोपऱ्यात असं दाखवू शकायचा. मुंबईत २०१२च्या अखेरीस केबल डिजिटल झाली, पाठोपाठ ठाणे-नवी मुंबईतही घरोघरी सेट टॉप बॉक्स आले, आणि ही सोय संपली. आता चॅनेल निवडतो तो बॉक्स. एचडीएमआयच्या वायरने तो टीव्हीला एकच, निवडून झालेलं चित्र पाठवतो. ‘काय लागलंय’ एवढंच टीव्हीला कळतं, बाकीची चॅनेलं त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. काही बॉक्सना एक चॅनेल बघताना दुसरं रेकॉर्ड करता येतं, म्हणजे आत दोन ट्यूनर असतात. पण बाहेर येणारं चित्र तिथेही एकच.

तेव्हा टीव्हीत पीआयपी आहे का, हे विचारण्याआधी माझ्या टीव्हीपर्यंत दोन वेगवेगळ्या वाटांनी दोन चित्रं येतात का, हे विचारा.

आधी घरच्या टीव्हीची परीक्षा

सॅमसंग आणि एलजीच्या गेल्या काही वर्षांतल्या वरच्या मॉडेलांत `Multi View` नावाची सोय असते. सॅमसंगच्या काही रिमोटांवर तिचं बटणच असतं, नाहीतर मेनूत ती सापडते. बॉक्सचं चॅनेल चालू ठेवा, `Multi View` सुरू करा आणि दुसऱ्या चौकटीसाठी टीव्ही काय काय देऊ करतो, ती यादी नीट वाचा. बहुतेक वेळा तिथे यूट्यूब, मोबाइलची स्क्रीन आणि अशा मोजक्याच गोष्टी असतात. एक एचडीएमआय आधीच चालू असताना दुसरी एचडीएमआय त्या यादीत दिसत नसेल, तर दोन बॉक्स विकत आणूनही हा टीव्ही ते शेजारीशेजारी दाखवणार नाही. पाच मिनिटांचं काम आहे, आणि पुढचा सगळा खर्च त्यावर ठरतो. नवा टीव्ही घेत असाल, तर दुकानातल्या पोराला दोन एचडीएमआयवर दोन गोष्टी लावून दाखवायला सांगा. ‘हो हो, येतं ना’ यावर जाऊ नका.

दहा-बारा वर्षांपूर्वीच्या टीव्हीत पीआयपी असेल, तर तिची अट उलटी असते: मोठ्या चित्रात एचडीएमआय, आणि छोट्यात टीव्हीच्या स्वतःच्या ट्यूनरचं चॅनेल. त्या ट्यूनरला आता वायर कुठली द्यायची? टीव्हीत सॅटेलाइट ट्यूनर असेल, तर वेगळी छत्री लावून डीडी फ्री डिशची मोफत चॅनेलं थेट टीव्हीवर येऊ शकतात, पण फ्लॅटमध्ये तेवढ्यासाठी आणखी एक छत्री लावायला सोसायटीची कमिटी तयार होणं कठीण. खिडकीबाहेर आधीच छत्री असेल आणि ती नुसती गंजत पडली असेल, तर मात्र करून बघण्यासारखं आहे.

बातम्या हव्या असतील तर पैसे खर्चू नका

मॅचसोबत फक्त मराठी बातम्या हव्या असतील, तर दुसऱ्या बॉक्सची गरजच नाही. मोठी मराठी वृत्तचॅनेलं यूट्यूबवर दिवसभर लाइव्ह असतात. `Multi View`मध्ये एका बाजूला बॉक्स, दुसऱ्या बाजूला यूट्यूब, झालं. मतमोजणीच्या दिवशी तीन-चार चॅनेलं एकदम हवी असतील, तर त्याहून सोपा मार्ग म्हणजे लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडायचा आणि ब्राउझरच्या तीन-चार खिडक्या स्क्रीनवर मांडायच्या. टीव्ही कितीही जुना असला तरी चालतं.

या वाटेची एक खोड आहे. इंटरनेटवरून येणारं चित्र डिशच्या किंवा केबलच्या चित्रापेक्षा मागे असतं, कधीकधी चांगलं अर्धा मिनिट. बातम्यांना त्याने काही बिघडत नाही. पण मॅच अ‍ॅपवर आणि बातम्या बॉक्सवर लावल्या, तर विकेट पडल्याची पट्टी बातम्यांत आधी येते आणि बॉलर इकडे अजून रनअपवर असतो. म्हणून थेट सामना नेहमी बॉक्सवर, बाकीचं इंटरनेटवर. मोबाइलवरचं अ‍ॅप टीव्हीवर मिरर करायला गेलात आणि आवाज येतोय पण चित्र काळं, असं झालं, तर ते अ‍ॅपने मुद्दाम रोखलेलं असतं. वायर बदलून किंवा वायफाय तपासून ते सुटणार नाही.

दोन बॉक्स आणि एक मल्टीव्ह्यूअर

खरी गरज पडते ती मॅच आणि मालिका यांची. रात्री साडेसात-आठची वेळ, दोन्ही एकाच वेळी, आणि मालिका यूट्यूबवर लाइव्ह नसते. ऐरोलीतल्या एका ओळखीच्या घरी मी हेच जोडून दिलं, तेव्हा त्याच घराचं उदाहरण घेतो. त्रेचाळीस इंची साधा टीव्ही, `Multi View` नाही, एक डिशचा एचडी बॉक्स. काकांना क्रिकेट, काकूंना मालिका. हॉल लहान, दुसरा टीव्ही ठेवायला भिंतच नाही. काकूंची अट एकच होती: “मला आवाज माझ्या मालिकेचा पाहिजे. नुसती तोंडं हलताना बघून काय करू?”

टीव्हीला स्वतःला दोन चित्रं एकत्र करता येत नसतील, तर ते काम बाहेरचं एक छोटं यंत्र करतं, एचडीएमआय मल्टीव्ह्यूअर. त्यात दोन किंवा चार एचडीएमआय आत जातात आणि एक बाहेर येते. ती टीव्हीला लावायची. टीव्हीच्या दृष्टीने हा एकच बॉक्स असतो, त्यामुळे कुठलाही टीव्ही चालतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलात तर दुकानदार स्प्लिटर, स्विच आणि मल्टीव्ह्यूअर ही नावं बिनधास्त एकमेकांच्या जागी वापरतात, तेव्हा नाव नको, काम विचारा. स्प्लिटर एका बॉक्सचं चित्र दोन टीव्हींवर पाठवतो. स्विच दोन बॉक्सपैकी एकाचंच चित्र एका वेळी दाखवतो. आपल्याला दोन्ही चित्रं एकाच वेळी, दोन्ही हलती हवीत. आणखी तीन गोष्टी विचारून घ्या: एचडीसीपी हे चित्राची नक्कल रोखणारं कुलूप त्याला चालतं का, बाहेरचं चित्र ५० हर्ट्झवर देता येतं का, आणि आवाज कुठल्या बॉक्सचा घ्यायचा ते रिमोटवरून वेगळं निवडता येतं का. नाही चाललं तर परत घेणार का, हेही पैसे देण्याआधीच.

दुसरा बॉक्स कुठला घ्यायचा

इथे घाई केली तर पुढे रोज कटकट. पहिला मोह असा, की त्याच डिश कंपनीचा दुसरा बॉक्स घ्यायचा आणि छत्रीकडून आलेल्या एका वायरला साधा टी लावून दोन्हीकडे द्यायची. केबलच्या वायरला हे चालतं, डिशच्या वायरला नाही. डिशचा बॉक्स वायरीतून छत्रीच्या टोकावरच्या एलएनबीला वीजही पाठवतो, आणि त्या विजेच्या दाबावरून एलएनबीला कळतं की उभ्या लहरी पकडायच्या की आडव्या: १३ व्होल्ट म्हणजे एक, १८ म्हणजे दुसरी. एका बॉक्सने १३ मागितले आणि दुसऱ्याने १८, तर एलएनबी दोघांचं ऐकू शकत नाही. याची खूण ओळखायला सोपी आहे. दुसरा बॉक्स काही चॅनेलं छान दाखवतो, आणि पहिल्यावर कुणी चॅनेल बदललं की दुसऱ्यावर अचानक ‘सिग्नल नाही’ येतं. पहिला बॉक्स बंद केला की सगळं पुन्हा सुरळीत. असं दिसलं तर बॉक्स बदलून मागू नका. दोन तोंडांचा एलएनबी आणि प्रत्येक बॉक्सला छत्रीपासून स्वतंत्र वायर, एवढाच त्यावर उपाय. घोडबंदर रोडच्या उंच इमारतींत छत्री गच्चीवर असते आणि डक्टमधून आणखी एक वायर खाली आणणं हेच खरं काम होऊन बसतं.

दुसरी अडचण रिमोटची. एकाच कंपनीचे दोन सारखे बॉक्स टीव्हीखाली ठेवले, की दोन्ही रिमोटांचं दोन्ही बॉक्स ऐकतात. काका आवाज वाढवणार आणि काकूंचाही वाढणार, एकाने चॅनेल बदललं की दुसऱ्याचंही बदलणार. एका बॉक्सच्या पुढच्या काळ्या खिडकीवर जाड चिकटपट्टी लावून तो टीव्हीमागे लपवता येतो, पण मग त्याचं चॅनेल बदलायला उठून मागे हात घालावा लागतो. बॉक्स ब्लूटूथ रिमोटचा असेल तर हा प्रश्न येत नाही, कारण तो आपल्या जोडीच्या रिमोटचंच ऐकतो.

म्हणून ऐरोलीत दुसरा बॉक्स आम्ही गल्लीतल्या केबलवाल्याचा घेतला. कंपनी वेगळी, म्हणून रिमोटची भानगड नाही. वायर इमारतीत आधीच आलेली, म्हणून छत्रीला हात लावायची गरज नाही. आणि एक फायदा जुलैत कळतो: धो-धो पावसात डिशचं चित्र चौकोन चौकोन होऊन गोठतं, केबलचं चालू राहतं. या दुसऱ्या बॉक्सवर सगळा पॅक भरू नका. जी दोन-तीन मराठी चॅनेलं त्यावर बघायची, तेवढीच सुटी निवडा. त्याशिवाय नेटवर्कचा म्हणजे एनसीएफचा आकार लागतो. तो किती असावा यावरची कमाल मर्यादा ट्रायने जुलै २०२४मध्ये काढून टाकली, त्यामुळे शेजारच्या घरी किती लागतो त्यावरून अंदाज बांधू नका, केबलवाल्याला थेट विचारा. डिश कंपनीकडूनच दुसरं कनेक्शन घेणार असाल, तर त्याच घरातल्या दुसऱ्या टीव्हीसाठीचा दर मागा, नवीन ग्राहकाचा नको. टीव्ही एकच असला तरी त्यांच्या भाषेत तुमचा दुसरा बॉक्स म्हणजे दुसरा टीव्ही.

जोडणी

सगळं एकदम जोडू नका. आधी प्रत्येक बॉक्स थेट टीव्हीला लावून चित्र आणि आवाज दोन्ही येतात ना ते बघा, आणि तेव्हाच त्या बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र 1080i आणि आवाज साधा म्हणजे `PCM` किंवा `Stereo` ठेवा. डॉल्बी चालू ठेवलं तर काही मल्टीव्ह्यूअर मुके होतात, आणि त्या वेळी बिचाऱ्या टीव्हीला शिव्या बसतात.

मग मल्टीव्ह्यूअरचं `OUT` टीव्हीला जोडा, त्याचा अ‍ॅडॉप्टर लावा, टीव्हीवर तो इनपुट निवडा. अजून बॉक्स जोडलेला नसला तरी मल्टीव्ह्यूअरचा मेनू किंवा निळी-काळी रिकामी चौकट दिसली पाहिजे. ती दिसल्यावर `IN 1`ला डिशचा बॉक्स, `IN 2`ला केबलचा. रिमोटवरून पीआयपी निवडा, मोठ्या चित्राला १ आणि छोट्याला २ द्या.

चित्र आलं की क्रिकेटमध्ये कॅमेरा चेंडूमागे सीमारेषेकडे धावतो तो क्षण बघा. चित्र बारीक बारीक अडखळत सरकत असेल, तर मल्टीव्ह्यूअर बाहेर ६० हर्ट्झ देतोय. आपल्याकडचं प्रक्षेपण ५०चं असतं, आणि ५०चं ६० करताना मधली काही चित्रं दोनदा दाखवावी लागतात, तीच ती अडखळण. मेनूत 1080p 50 निवडलं की ती जाते. ऐरोलीत काकांना हा फरक मी न सांगता दिसला. बहुतेकांना दिसतो, फक्त ते त्याला ‘टीव्ही जुना झाला’ म्हणतात.

मोठं कुठलं, छोटं कुठे

अर्धी-अर्धी स्क्रीन ऐकायला न्याय्य वाटते, प्रत्यक्षात जागा फुकट घालवते. दोन्ही चित्रं आडवी असल्यामुळे प्रत्येकाला अर्धी रुंदी दिली की उंचीही अर्धीच राहते, आणि वर-खाली मिळून अर्धी स्क्रीन काळी पडते. त्रेचाळीस इंचात तुम्हाला साडेएकवीस इंची दोन टीव्ही मिळतात. काळी पट्टी नको म्हणून चित्र ताणलं, तर सगळी माणसं उभट दिसतात. पीआयपीत मोठं चित्र पूर्ण त्रेचाळीस इंचांचंच राहतं, त्याचा एक कोपरा तेवढा झाकला जातो. छोटं चित्र रुंदीच्या एक तृतीयांश ठेवलं तर ते साधारण चौदा इंची होतं. सोफ्यावरून मालिकेतले चेहरे त्यात कळतात, पण मॅचचा स्कोअर वाचता येत नाही.

त्यामुळे ज्यात अक्षरं वाचायची ते मोठं, ज्यात चेहरे बघायचे ते छोटं. मॅचचा स्कोअर आणि बातम्यांची पट्टी दोन्ही खाली असतात, म्हणून छोटी चौकट वरच्या कोपऱ्यात. मल्टीव्ह्यूअरने ती पहिल्यांदा उजवीकडे खालीच टाकलेली असू शकते, तिथून हलवा. काकूंना मात्र छोटी चौकट मान्य नव्हती. त्यावर तोडगा असा निघाला, की ओव्हर चालू असताना मॅच मोठी, जाहिराती लागल्या की एका बटणावर अदलाबदल. मल्टीव्ह्यूअरच्या रिमोटवर हे बटण आहे का, तेही घेतानाच बघून ठेवा.

दोन आवाज

दोन चित्रं एका काचेवर मावतात, दोन आवाज एका स्पीकरमधून नाही. मल्टीव्ह्यूअर एका वेळी एकाच बॉक्सचा आवाज पुढे पाठवतो. दुसरा आवाज हवा असेल तर तो मल्टीव्ह्यूअरच्या आधीच, थेट बॉक्सकडून उचलायचा. बहुतेक बॉक्सच्या मागे लाल-पांढऱ्या पिनांची किंवा एका छोट्या गोल भोकाची एव्ही आउट असते, आणि एचडीएमआय लावलेली असतानाही तिच्यातून आवाज येत असतो. केबलच्या बॉक्सच्या त्या पिनांना आम्ही ब्लूटूथ ट्रान्समीटर लावला, आणि त्याला काकूंचा हेडफोन जोडला. मॅचचा आवाज टीव्हीवर, मालिकेचा कानात. हेडफोनचा आवाज कमी वाटला तर आधी बॉक्सच्या रिमोटवरून आवाज पूर्ण वाढवा, मग हेडफोनवरून हवा तेवढा करा.

ब्लूटूथचा आवाज किंचित उशिरा पोचतो. मालिकेत ओठ आणि संवाद जुळत नाहीत असं वाटलं, तर तो हाच उशीर. ट्रान्समीटर आणि हेडफोन दोन्ही कमी उशिराच्या एकाच पद्धतीचे असले तरच तो जाणवेनासा होतो, फक्त एक चांगला घेऊन उपयोग नाही. वायरचा हेडफोन थेट त्या पिनांना लावला तर उशीर अजिबात नसतो, पण आवाज बारीक येतो आणि हॉलभर वायर लोळते. मध्ये छोटा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर लावला तर आवाज भरतो.

चित्र आलंच नाही तर

एक बॉक्स दिसतो आणि दुसऱ्याची चौकट काळी, गुलाबी किंवा मुंग्यांची, असं झालं तर दोन्ही बॉक्सच्या वायरी मल्टीव्ह्यूअरवर अदलाबदल करून लावा. खराबी बॉक्ससोबत सरकली, तर दोष त्या बॉक्सचा, त्याच्या वायरीचा किंवा त्याच्या सेटिंगचा. खराबी त्याच भोकात राहिली, तर मल्टीव्ह्यूअरचा. दोन्ही बॉक्स थेट टीव्हीवर व्यवस्थित आणि मल्टीव्ह्यूअरमधून दोन्ही काळे, असं असेल तर बहुधा एचडीसीपीचं कुलूप आड येतंय. बॉक्स पुढच्या यंत्राची ओळख तपासतो, ती पटली नाही तर चित्र देत नाही. अशा वेळी सगळ्यांची वीज बंद करून आधी टीव्ही, मग मल्टीव्ह्यूअर, शेवटी बॉक्स या क्रमाने पुन्हा चालू करा. कधीकधी एवढ्यानेच ओळख पटते. दोन-तीनदा करूनही नाही जमलं, तर ते यंत्र परत करा, सेटिंगमध्ये रात्र घालवू नका.

चित्र पाच-दहा मिनिटांनी जातं आणि आपोआप येतं, असं होत असेल तर मल्टीव्ह्यूअरला हात लावून बघा. ही छोटी यंत्रं चांगलीच तापतात, आणि दोन बॉक्सच्या मध्ये सँडविच करून ठेवलं तर जास्तच. त्याला बाजूला, मोकळ्या हवेत जागा द्या, आणि त्याचा अ‍ॅडॉप्टर अशा स्विचवर लावा जो रात्री सहज बंद करता येईल. मध्ये मल्टीव्ह्यूअर आला की टीव्ही बंद केल्यावर बॉक्स आपोआप बंद होण्याची सोय बहुधा जाते, तेव्हा दोन्ही बॉक्स त्यांच्या त्यांच्या रिमोटने बंद करायची सवय लावून घ्या. क्रिकेटचा मोसम नसताना दुसऱ्या बॉक्सचं रिचार्ज थांबवता येतं. पण बरेच दिवस बंद राहिला तर पुन्हा सुरू करताना काय लागेल, हे केबलवाल्याला आधीच विचारून ठेवा.